फोटोखालची ओळ

सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९७५

प्रिय कस्तुरा,

सप्रेम नमस्कार. तुझं कार्ड परवा पोचलं. मंद्रूपला आईजवळ आहेस, पायांची सूज उतरतेय, हे वाचून बरं वाटलं. आईचं ऐक. दुपारची जरा पडत जा. इकडे आम्ही ठीक. शकूला यंदा पहिलीत घातलं. सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, ती कसर त्या तोंडाने भरून काढतात. शकू शाळेतून आली की शेजारच्या गोजाबाई तिला भाकरी वाढतात, त्यामुळे माझं तेवढं निभतं.

होय, तू ऐकलंस ते खरं आहे. मी पुन्हा कारखान्यात चादरींचे नकाशे काढायला जायला लागले.

पहिल्या दिवशी निऱ्या तीनदा सोडून पुन्हा घातल्या. शकू पदर धरून रडली नाही, उलट म्हणाली, "आई, तू बी शाळंला चाललीस व्हय?" अक्कलकोट रोडला पोचेपर्यंत मला तेच वाटत होतं. सहा वर्षांत हातात पोळपाट-लाटण्याशिवाय काही धरलं नव्हतं. ग्राफचा कागद पुढे पसरला आणि ती बारीक घरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी चालायला लागली. ब्रश टेकवला तर लाल रंग शेजारच्या घरात गेला. सकाळभर खोडून खोडून कागद झिजवला. जेवायच्या सुट्टीत मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत बसले.

दुपारनंतर हात आठवला. आपली पद्धत तशीच आहे गं. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. आडव्या ओळीला एक कार्ड. भरलेलं घर तिथे कार्डवाला गुरप्पा भोक पाडणार. भोक असेल तर माग तो धागा उचलणार, नसेल तर खाली ठेवणार. मोजताना मान वर करायची नाही. केली की घर चुकतं, आणि चुकलेलं घर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत उमटतं. हे तुला मीच शिकवलं होतं, शकू पोटात असताना.

टेबलावर तुझाच कोयरीचा नकाशा होता, अर्धा. कोपऱ्यातल्या मोठ्या कोयरीच्या पोटात तू सलग घरं भरत गेली होतीस, मध्ये बांधणीचा एक ठिपका नव्हता. धागा तिथे मोकळा सुटला असता, बांगडीत अडकून ओढला गेला असता. तुझा हात असा चुकत नाही. म्हणजे तुला तेव्हा बसवतही नसणार. मी ठिपके दिले, कोयरी बांधून घेतली आणि राहिलेली अर्धी बाजू काढली. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा गुरप्पा म्हणाला, "वच्छलाबाई, हात गेला न्हाय की तुमचा!" कस्तुरा, लपवत नाही, मला लई आनंद झाला. घरी येताना कारण नसताना शेवंतीची वेणी घेतली.

टेबलाच्या खणात मळमळीवर तू ठेवलेल्या आलेपाकाच्या वड्या सापडल्या. तेव्हा कळलं, जागा का रिकामी झाली ते.

नाही. हे खोटं लिहिलं. मला आधीच माहीत होतं.

मुकादम बाळासो घरी आला होता. ओट्यावर बसून सांगत होता, "कस्तुराबाईला सातवा लागलाय. आता तिचं काय खरं न्हाय. मालक म्हणत्यात, तुमची पोरगी सुटी झाली, तुमी या." मी चहा ठेवला. तुझं नाव काढून एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पा मालकांनी विचारलं, "म्होरं आनी अडचन न्हाय ना तुमची?" अडचण म्हणजे मूल. मी म्हटलं, नाही. यांना न विचारता म्हटलं. मग त्यांनी नवशिकी म्हणून सही घेतली. आधीचं काम धरायचं नाही, कारण मी "सोताहून" सोडलं होतं.

सोताहून! तुलाही तो कागद दिलाच असेल. "ईश्रांती घ्या, बाळंत व्हा, मग बगू." आणि खाली सही. कायद्यात बाळंतपणाची पगारी रजा आहे म्हणे. ती द्यायला नको म्हणून ही माया. मीही त्या कागदाला भुलले होते. आणि शकूच्या बारशाला तूच म्हणाली होतीस, "तुजी जागा मी राखून ठिवते."

शकू सहा महिन्यांची झाल्यावर मी तिला कडेवर घेऊन कारखान्यात आले होते. तुला आठवत असणारच. मालक म्हणाले, जागा भरलीय. जागा समोर होती आणि तिच्यावर तू होतीस. एकदा वर बघशील म्हणून मी दारात उभी राहिले. शकू रडत होती, सगळे माग सोडून बघत होते. तू घरं मोजत राहिलीस. त्यानंतर आपण हळदीकुंकवाला भेटलो, हसलो, बोललो, पण तो दिवस माझ्या मनातून गेला नाही. सहा वर्षं मी तुझा राग केला.

आता फोटोचं सांगते. यंदा महिला वर्ष म्हणून मोठं प्रदर्शन भरतंय. मालकांना एकाएकी बायकांचा उमाळा आलाय. त्यांच्या भाच्याने माझा फोटो काढला, टेबलाशी, हातात ती कोयरीची चादर. मोठा करून पुठ्ठ्यावर लावला आणि अक्षर चांगलं म्हणून खालची ओळ मलाच ब्रशने लिहायला दिली. "सहा वर्षांनी आई पुन्हा कामावर. मनात धाकधूक, मुद्रेवर अभिमान." त्याखाली, नकाशा: सौ. वच्छला.

मी म्हटलं, मालक, हा नकाशा कस्तुराबाईंचा आहे. ते म्हणाले, "त्या आता आपल्यात कुटं हायत?" मी ब्रश बुडवला आणि माझं नाव लिहिलं. वळणदार लिहिलं. खरं सांगू, त्या ओळीत एक अक्षर खोटं नाही. धाकधूक होती, अभिमानही आहे. सहा वर्षं का गेली, एवढंच लिहायला पुठ्ठ्यावर जागा नव्हती. शकू फोटो बघून नाचली. तिच्या आईचा फोटो आजवर लग्नातलाच होता.

तू कार्डात एकच गोष्ट विचारली आहेस. बाळंतपणानंतर तुला परत घेतील का, ते मालकांना विचारून कळवायचं. एवढा कागद भरला तो तेच टाळायला.

मी विचारलं नाही. विचारणारही नाही. विचारलं तर मालक हसून म्हणतील, मग तुमी उठा. आणि मला उठायचं नाही.

बाळाला घेऊन येशील, ये. तुला आत सोडतील. दारातून मी दिसेन. रागावू नकोस असं म्हणत नाही, खुशाल रागव. तेव्हा तू दगड झाली होतीस असं मला वाटत होतं. आता कळतं, तू घरं मोजत होतीस. मीही मोजत असेन, आणि मान वर करणार नाही.

आलेपाकाच्या वड्या फेकल्या नाहीत. सोबत पाठवते आहे. बाळाला आशीर्वाद.

तुझ्या जागेवर बसलेली,
वच्छला