मशीनला कळतं तेवढंच

शनिवार, १४ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, नळ गळतो, दोघांवर इलाज सुरू आहे.

आईच्या आठवणींच्या पुस्तिकेसाठी लिहिलेली तुझी कविता मिळाली. छापखान्याला बुधवारी हवी आहे, म्हणून गोडगोड न बोलता लिहिते. ही अशी छापू नकोस.

तुझ्या कवितेतलं शिलाई मशीन खटखट गाणी गातं, आईला ‘सखी’ म्हणतं, ती गेल्यावर रडतं. अगं, ते लोखंड आहे. तीस वर्षं वर्गात पोरींच्या कविता तपासल्या. वस्तू बोलायला लागली की लाडात येते, ही त्यांची ठरलेली चूक. तिला जेवढं कळतं तेवढंच बोलू द्यावं. मशीनला डोळे नाहीत. झबलं कोणाचं, अभ्रा कोणाचा, त्याला पत्ता नाही. सुईखाली आलेलं कापड जाड की पातळ, एवढंच. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. ताण चुकला की एका बाजूला सैल फासे. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो. ‘मला वाईट वाटलं’ असं त्याला म्हणता येत नाही. ‘टाके सुटले’ म्हणता येतं. पुढचं वाचणाऱ्याला कळतं.

ताईचं भाषण सुरू झालं, म्हणशील. पण मी स्वतः लिहून बघितलं. चार दिवस गेले. शेवटच्या कडव्याशी अडले, कारण तुझ्या कडव्यात आई मशीनला सांगते, ‘थकले मी, आता तूही झोप.’ तसं झालं नव्हतं. तू लांब होतीस. तिने आपणहून शिवणकाम सोडलं, असं तुला मीच कळवलं होतं.

तिचं बोट सुईखाली आलं, त्याच दुपारी मी मशीनचा, खालचं चाक वरच्याला जोडणारा पट्टा काढून कपाटात टाकला. म्हटलं, “पुरे आता. डोळे गेले, बोटं तरी राहू देत.”

ती म्हणाली, “पट्टा दे गं. नुसत्या चादरींच्या कडा शिवेन. सरळच तर जायचं असतं.”

मी दिला नाही. त्यानंतर सात महिने ती रोज दुपारी तिथेच बसायची. पट्टा नसला तरी पायाखालचं पायडल हलतं, खालचं मोठं चाक फिरतं. वरचं तेवढं थांबलेलं. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात घासायचे.

शेवटी हे घाल:

पाय चालतात.
खालचं चाक फिरतं.
माझ्यापर्यंत काही येत नाही.
सुई वर थांबली आहे.
खाली कापड नाही.

पट्टा कोणी काढला ते मशीनला माहीत नाही, म्हणून ते कवितेत येणार नाही. ते तुला इथे सांगितलं. पुस्तिकेत दुसरीकडे छापायचं की नाही, तू ठरव. रागावलीस तर तसं लिही, मी वाचेन. गप्प मात्र बसू नकोस.

आईला नाही म्हणालेली,
तुझी ताई