सासूबाईंचा थांबा

मंगळवार, दिवेलागण झाल्यावर

आज आरतीत रडू आलं. का आलं ते लिहून ठेवते.

सासूबाईंना दमा होता. देवीच्या आरतीत शेवटच्या ओळीची चाल चढत 'नी'पर्यंत जाते आणि वरच्या 'सा'वर टेकते. 'नी'वरच त्यांचा दम संपायचा. त्या थांबून श्वास घ्यायच्या, मग सा लावायच्या. तीस वर्षं सगळं घर तिथं थांबलं.

त्यांना जाऊन वर्ष झालं. महिन्यापूर्वी आलेली माझी नवी सून आता पुढं होऊन आरती म्हणते, मोबाईलवरून शिकलेली, न थांबता. चाल बरोबरच आहे तिची. पण महिनाभर आरती कोरडी लागत होती. आपली भक्तीच आटली का, याची धास्ती घेतली होती मी.

शेवटी आज मी म्हणाले, "तिथं जरा थांब."

"आत्या, तिथं काय एसटीचा थांबा हाय?"

"तुझ्या आजेसासूचा होता."

आरतीत ती तिथं थांबली. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "काटा आला बघा अंगावर." नव्याच राहायला आल्यात, सासूबाईंना त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग काटा कशाचा? सा येणार हे कानाला आधीच कळतं, आणि तो येत नाही. त्या ताटकळण्याचाच असणार. तेवढं कुणालाही होईल.

रडू मात्र एकटीला मलाच आलं. त्या थांब्यात मला सासूबाईंची धाप ऐकू आली, आणि माझा श्वास आपोआप आत ओढला गेला. तीस वर्षं मीही तिथंच श्वास घेत होते की.