तिसरा जन्म कुणाचा

सोमवार, ९ जून

बोलायचं नाही! डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि तोंडाला कुलूप लावलं. कुजबूजसुद्धा नको म्हणे, ती तर आणखी वाईट. आणि माझं पोट आवाजावर!

चार वर्षं त्या शापित नायिकेचं डबिंग करतेय. मालिका मूळची परभाषेतली. तोंड तिचं, मराठी माझं. पहिल्या जन्मी राणी, दुसऱ्या जन्मी शिक्षिका. दोन्ही वेळा प्रियकराच्याच हातून मेली. शापच तसा — त्याने आपणहून ओळखेपर्यंत दर जन्मी त्याच्याच हातून मरण. तिने ओळख सांगायची नाही, सांगितली तर तो जागच्या जागी दगड होणार.

शिक्षिका मेली आणि नेमकी माझी गाठ वाढली. तिसरा जन्म एका नव्या मुलीला दिलाय. मला परत बोलावतील ना? दुसरं काही डोक्यात येत नाही.

गुरुवार, १२ जून

सासूबाई टीव्हीपुढे — "ही मेली होती ना गं? परत कशी उठली?"

मी तीन बोटं दाखवली.

"तिसरा होय! आणि हा तोच मेला? अजून अक्कल नाही आली?"

हसायचीही चोरी! दर तासाला कोमट पाणी आणून देतात. न सांगता. किती करतात माझं.

शनिवार, १४ जून

नवीचा फोन! आवाज रडवेला. "ताई, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. तीन सीन आलेत, कुठला कुठल्या जन्मातला कळतच नाहीये." मग एकेका सीनचं वर्णन करायला लागली.

हातात चमचा होता. फोनवर वाजवला. एक टक — राणी. दोन — शिक्षिका. तीन — आत्ताची. पोरीला लगेच उमगलं. हुशार आहे.

आठवणींच्या सीनना माझी जुनीच रेकॉर्डिंग लावतात. म्हणजे मागच्या जन्मांत मी अजून बोलतेच आहे! पण आत्ताच्या नायिकेत राणीची स्मृती जागी झाली, तर देह तिसरा, म्हणून आवाज नवीचा. फक्त बोलण्याची चाल राणीची — संथ, आणि 'मी'च्या जागी 'आम्ही'. एक जन्म, एक आवाज. हा नियम मीच रेकॉर्डिस्टच्या कानीकपाळी ओरडून बसवलाय.

मंगळवार, २४ जून

आज थोडक्यात निभावलं. नवीने सीन फोनवर पाठवला. राणीचा मुकुट, राणीचा शालू, राणीचा महाल. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हा सीन नव्हता, म्हणून तिने सगळं 'आम्ही, आम्ही' करून तयार ठेवलेलं. मलाही आधी राणीच वाटली. मग मनगट दिसलं — भाजल्याचा डाग! तो या जन्मातल्या आगीतला. जखमा पुढच्या जन्मात जात नाहीत. ज्या घावाने मरण आलं, त्याची तेवढी जन्मखूण उरते; राणीला गळ्यावर वार झाला, म्हणून आत्ताच्या नायिकेच्या गळ्यावर तीळ. ही राणी नव्हेच. आत्ताचीच, राणीचं सोंग घेऊन खलनायकाला फसवायला निघालेली. स्मृती तर अजून जागीच झालेली नाही, तिला राणीचं 'आम्ही' कुठून माहीत!

तीनदा चमचा वाजवला. जोरात.

"तीन? शालू नेसूनही?"

डागाचं लिहून पाठवलं. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं — "ताई, वाचवलंत!"

मी घरात बसूनही कामावरच आहे. बरं वाटलं.

शुक्रवार, ११ जुलै

बोलायची परवानगी! पहिला शब्द सासूबाईंना — "आई". त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आवाज आलाय, पण जाड झालाय. डॉक्टर म्हणतात, असाच राहील. आला हेच खूप. देवा, उपकार तुझे.

शनिवार, १२ जुलै

स्टुडिओत गेले. नवी खुर्चीतून उठली. "ताई, बसा. तुमचीच आहे."

बसावंसं फार वाटलं. पण तिसऱ्या जन्माचा आवाज तिचा झालाय. मध्येच माझा लावला तर लोकांना वाटेल बाईला भूत लागलं. "एक जन्म, एक आवाज," मी म्हटलं आणि तिला परत बसवलं. रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बटणं पुसत होता.

घरी येऊन पोटभर रडले. तरी त्या पोरीचा राग येत नाही. किती छान बोलते.

बुधवार, २३ जुलै

काम नाही. सासूबाईंना रोज कुठला जन्म ते सांगते. आता तोंडाने.

बुधवार, २० ऑगस्ट

नायिका मेली! त्याने पुन्हा ओळखलं नाही — देव त्याचं भलं करो! चौथ्या जन्मी ती पोलीस अधिकारी आहे, आणि रेकॉर्डिस्टने सकाळीच मला बोलावून घेतलं.

त्याच्याकडून कळलं, चौथा जन्मही नवीलाच द्यायचं वरून ठरलं होतं. तिने नाही म्हटलं. "माझा जन्म संपला. हा ताईंचा." एवढं बोलून पर्स उचलून निघून गेली.

तिच्या हातात दुसरं काम नाही. मला माहीत आहे.