शेजारची सीट

हॅम्बर्ग, मे २००८

प्रिय ईप्सिता,

"आई, मी आता चौदाची आहे. शिक्षा मलाच होणार, तुला नाही." लिपस्टिक चोरताना पकडली गेलीस तेव्हा म्हणाली होतीस. चूक कळायला चौदा वर्षं पुरतात, असं इथला कायदा मानतो. मत आणि लग्न मात्र सहसा अठराला, कारण तिथे इतरांसाठीही ठरवायचं असतं. सतराव्या वर्षी गाडी चालवता येते, पण शेजारी परवान्याच्या कागदावर नोंदलेलं, तिशी ओलांडलेलं, अनुभवी माणूस हवं. वर्षभर ते माणूस मी होते.

"ब्रेक माझ्याकडे आहे गं, तू कशाला पाय दाबतेस?" तू दर वळणावर म्हणायचीस.

उद्या तू अठराची होशील. कायद्याला माझी गरज उरणार नाही. विचारलं तर नाहीच म्हणशील, म्हणून हे पत्र तुला देणार नाही. पण उद्या पहिल्या फेरीला मला शेजारी बसू देशील?

तुझी,
आई