उलटी वेणी

७ नोव्हेंबर
धाकटीच्या नवऱ्याने पिशवी आणून दिली. "ताई, तुम्हीच पुरा करा. माझ्याने बघवत नाही." आत तिने लेकीसाठी विणायला घेतलेला स्वेटर. पाठ, पुढचा भाग, डावी बाही विणून सुयांवर तशीच. उजवी बाही सुरूच केली नव्हती. लोकरीला अजून तिच्या हाताच्या क्रीमचा वास. ती गेली आणि वास मागे!

९ नोव्हेंबर
वेंधळी ती वेंधळीच! सहा टाक्यांची वेणी. प्रत्येक पिळाला तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे, उरलेले तीन आधी विणायचे — की पीळ डावीकडे झुकतो. हिने पाठीवर दोनदा आणि पुढच्या भागावर एकदा ते मागे धरलेत. पीळ उलटा! लहानपणापासून हिचं सगळं मीच निस्तरत आले. हेही निस्तरीन.

१२ नोव्हेंबर
फक्त ते सहा टाके सुईवरून सोडले, उलट्या पिळापर्यंत उसवत नेले, पीळ नीट घातला आणि क्रोशाच्या सुईने एकेक टाका परत वर चढवला. तिन्ही ठिकाणी. मान मोडून आली. पण आता कुणाची बिशाद आहे चूक दाखवायची!

१८ नोव्हेंबर
उजवी बाही विणताना ठकीचा फोन. भाची माझी. "मावशी, घरात फार शांत वाटतं गं." फोन कानाखांद्यात धरला आणि विणत राहिले. दोघीही रडलो. हात काही थांबले नाहीत.

२५ नोव्हेंबर
झाला! भाग जोडले, ओला करून टाचण्यांनी ताणून वाळवला. पलंगावर पसरून फोटो काढला आणि विणकामाच्या ग्रुपवर टाकला. विचारायचं काहीच नव्हतं. नुसतं लिहिलं — "धाकटीचा स्वेटर. पुरा झाला." छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

२६ नोव्हेंबर
अंगठे, फुलं, "वा वा!" मग धाकटीच्या विणकामाच्या क्लासच्या बाईंचं उत्तर —
"किती देखणा झालाय! तुझा हात अगदी तिच्या हाताशी जुळलाय. तुझा फोन आला की तिची वेणी हमखास उलटी पडायची. मी म्हणायची, उसव. तर म्हणे, 'राहू द्या बाई, इथे ताई आहे.' आज असती तर नाचली असती गं."
केवढ्या मायेने लिहिलंय. त्यांना काय माहीत!
तिन्ही मी उसवल्या. माझ्याच हातांनी.

२७ नोव्हेंबर
फोटो मोठा करकरून पाहिला. पुढच्या भागावरचे सगळे पीळ एकाच दिशेला. कुठेच नाही मी. तीही नाही. बाईंना हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दिवसभर रडते आहे.

२ डिसेंबर
ठकीने स्वेटर घातला. उतरवायलाच तयार नाही. आरशासमोर एकदम थबकली. "मावशी, इथे एक वेणी उलटी आहे. आईकडून झाली असेल, ना?"
उजवी बाही! ती तर मी विणलेली — हिच्याशी फोनवर बोलता बोलता.
"उसवू या का?"
म्हटलं, "राहू दे. इथे तू आहेस."