भवानीच्या प्रगतिपत्राची दुसरी प्रत

सुंदरपेरुमाळ कोयिल,
कार्तिक वद्य तृतीया

प्रिय भुवनेश्वरी,

'प्रिय' हा शब्द लिहायला मला तीन कागद लागले. तुझ्या नावाआधी दुसरा कुठला शब्द शोभतो ते मला ठाऊक नाही, आणि जे शब्द मनात येतात ते माझ्या पोरीच्या घरात जाणाऱ्या पत्रात मी लिहिणार नाही. माझं पत्र पाहून तू दचकली असशील. दचक. दोन वर्षं मी तुझं नाव ऐकून दचकते आहे.

तू त्या घरात माझी सवत होऊन आलीस त्याच महिन्यात मी माझ्या भावाकडे, अप्पाजीकडे, निघून आले. भवानी सात वर्षांची होती. तिला तिथेच ठेवलं, कारण पोर बापाची असं सगळ्यांनी सांगितलं आणि शाळाही कुंभकोणम्‌लाच. नवरात्रात ती चार दिवस इथे येते. तेव्हा तिच्या केसांना तुझ्या तेलाचा वास असतो. मी पहिल्याच दिवशी तिला न्हाऊ घालते. चांगल्या तेलाचा वास आहे, तरी घालते.

गेल्या आषाढात मी आगगाडीत बसून शाळेत गेले. मोठ्या बाई विजयलक्ष्मी अम्माळ यांच्यापुढे चार पानी अर्ज ठेवला. त्यात काय नव्हतं! भवानीचे वडील कसे वागले, तू कशी आलीस, माझ्या पोरीला सावत्रपणाचा जाच होतो (हे मी मनानेच लिहिलं होतं, तुला कबूल करते), म्हणून यापुढे शाळेची सगळी पत्रं मलाच पाठवावीत. बाईंनी चारही पानं शेवटपर्यंत वाचली आणि घडी करून माझ्या हातात परत दिली. म्हणाल्या, यातलं शाळेच्या कामाचं एवढंच की तुम्ही मुलीची आई आहात आणि तुमचा पत्ता हा आहे. बाकीचं मी ठेवून घेतलं तर उद्या वडिलांची चार पानंही ठेवून घ्यावी लागतील. वडिलांची पत्रं बंद करणार नाही, तुम्हाला हवीत तर तुम्हालाही पाठवीन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईसुद्धा त्यांच्याच बाजूच्या, असं मला वाटलं. पण तिथेच बाकावर बसून मी दुसरा अर्ज लिहिला. मुलीचं नाव, इयत्ता, माझा पत्ता आणि एकच विनंती, की प्रगतिपत्र व सूचना आई आणि वडील दोघांनाही पाठवाव्यात. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. इतकं कोरडं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

मग बाईंनी रीत सांगितली. दाखल्याच्या वहीत पालक म्हणून वडिलांचं नाव आहे ते तसंच राहील, खाली माझा पत्ता चढेल. वडिलांना तसं कळवलं जाईल. त्यांची हरकत असेल तर त्यांनी लेखी द्यावी, आणि कोर्टाचा हुकूम असेल तर त्याची नक्कल जोडावी. नुसत्या रागावर शाळा कोणाला वगळणार नाही. मूळ प्रगतिपत्र मुलीबरोबर घरी जाईल, सही होऊन परत येईल, आणि त्याच दिवशी शब्दाला शब्द अशी नक्कल टपालात पडेल. मुलगी कोणाकडे राहावी यावर शाळा बोलणार नाही. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणार नाही, आणि मुलीच्या हातूनही पोचवू देणार नाही. मी माझा पत्ता घातलेले, तिकिटं लावलेले लिफाफे कारकून सेतूरावांकडे ठेवून आले. पंधरा दिवसांनी बाईंचं कार्ड आलं, वडिलांची हरकत नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी दिवसभर विचार करत बसले, की हरकत नको म्हणून त्यांना कोणी समजावलं असेल.

पहिली नक्कल आली ती मी देवापुढे ठेवली. गणित बरं, तमिळ चांगलं, टापटीप उत्तम, वेणी रोज नीट घातलेली. ती वेणी माझ्या डोळ्यांत सलली. आणि खाली, पालकाच्या सहीच्या रकान्याची नक्कल करताना सेतूरावांनी आपलं काम चोख केलं होतं, 'सही : भुवनेश्वरीबाई'. शब्दाला शब्द हवं होतं ना मला! मी तो कागद तांदळाच्या डब्याखाली दडपला. दर महिन्याला नवा आला की जुना काढून दोन्ही शेजारी ठेवायची, तिचे गुण बघायची आणि तुझी सही बघायची. तू ती सही कुठे बसून करतेस? ओसरीच्या खांबाशी? तिथे मी बसायची. भवानी तेव्हा तुझ्या खांद्यावरून वाकून बघते का? हे असले विचार मी करते. मत्सर म्हण, मला लाज नाही.

परवा कार्तिकाची नक्कल आली. शेऱ्यात लिहिलं आहे : 'वर्गात लक्ष नाही. हाक मारली तर ओ देत नाही. उद्दाम होत चालली आहे.' खाली पालकांच्या उत्तरात तुझं : 'घरीही तसेच करते. दोनदा जेवण न देता बसवली, यापुढेही कडक राहू.' प्रथम मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तुझ्या हाताखाली पोर बिघडली, आता चारचौघांत दिसलं, असं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. मग मी तो शेरा पुन्हा वाचला. हेच शब्द त्या घरात माझ्याबद्दल बोलले जात. गर्विष्ठ आहे, ओ देत नाही.

भुवनेश्वरी, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना कान फुटला आणि वाहत राहिला. स्थळ मोडेल म्हणून आईने लपवलं आणि पुढे मीही लपवलं, सासरी सात-आठ वर्षं. भवानी तीन वर्षांची असताना माझ्याबरोबर इथे माहेरी आली तेव्हा तिचाही डावा कान वाहिला. मी कोमट तेल घातलं, कापूस कोंबला आणि कोणाला कळू दिलं नाही, तिलाही तसंच स्थळ मोडेल म्हणून. ती नि मी बोलताना नेहमी समोरासमोर बसतो. मला वाटायचं, ती प्रेमाने बसते. हे मी शाळेमार्फत तुला सांगू शकत नाही, बाई निरोप पोचवणार नाहीत आणि तेच बरोबर आहे. म्हणून हे पत्र. तिला उपाशी बसवू नकोस. उजवीकडून हाक मार. सरकारी इस्पितळात कान दाखव. शाळेत तिला वर्गाच्या डाव्या टोकाला बसवायला सांग, म्हणजे उजवा कान बाईंकडे राहील. मीही मोठ्या बाईंना आज तेवढंच लिहिते आहे, त्यामुळे दोन्हीकडून एकच गोष्ट जाईल. भवानीच्या वडिलांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी घर सोडलं त्या सकाळी ते ओसरीवरून मला हाका मारत होते, असं मला न्यायला आलेला अप्पाजी सांगतो. ओसरी माझ्या डाव्या हाताला होती.

तुझीच, असं लिहायची रीत आहे म्हणून,
मीनाक्षी