पल्लवीचा अंगठा

१७ जानेवारी
पाठवला एकदाचा. चार दिवस लिहीत होते. लेक पल्लवी नागपूरला वार्डात नर्स, तिच्याशी फोनवर हा विषय काढायला तोंड उघडेना, म्हणून मेसेज. आधी नवे तांदूळ पाठवतेय ते. मग माझा गुडघा. मग हे गेले ती सकाळ, आणि यांची शिलाई मशीन अजून कुणाला देववत नाही ते. मुद्दा शेवटी: कोंढा गावचे मधुकरराव लग्नाचं विचारतायत, आणि मला हो म्हणावंसं वाटतं. पन्नाशीला! लिहिताना कान तापले.

संध्याकाळी उत्तर. उत्तर कसलं, मेसेजच्या कोपऱ्यात एक अंगठा. एवढ्या मोठ्या पत्राला एवढुसा अंगठा.

१८ जानेवारी
दुकानात कापड उलटं कापलं. नऊवारी नाही, ब्लाउजच, पण गिऱ्हाईक बोललं ते बोललंच.

शेजारच्या बटणवाल्या कमलला दाखवला. ती म्हणे, अंगठा म्हणजे तुटक उत्तर, "करा काय करायचं ते." उचलली जीभ लावली टाळ्याला. मग तीच म्हणाली, तिचा जावई 'आज येत नाही'लाही अंगठा देतो आणि 'बाळ झालं'लाही. म्हणजे काय धरायचं?

१९ जानेवारी
आज एक ध्यानात आलं. माझाच मेसेज माझ्या फोनवर अर्धा दिसतो. गुडघ्यापाशी तुटतो, खाली 'अधिक वाचा'. ते दाबलं नाही तर मधुकरराव येतच नाहीत! आणि निळ्या खुणा मेसेज उघडला की होतात, शेवटपर्यंत वाचलं की नाही ते त्यांना काय माहीत. म्हणजे पोरीने तांदळाला अंगठा दिला असेल तर?

म. दुकानात आले होते, हायवेच्या त्या टोकाला बैल-बाजाराचं काम होतं म्हणे. कपडे शिवायला कुठे आले होते. लेक काय म्हणाली विचारलं. मी म्हटलं, वाचलंय. त्यांनी पुढे विचारलं नाही. हा माणूस मला त्याच्यामुळेच...

२० जानेवारी
तांदूळ पोचले म्हणून पल्लवीचा फोन. मेसेजचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. वार्डाबद्दल बोलत होती. ड्यूटी बदलताना ग्रुपवर पेशंटची लांबलचक माहिती येते, तिला अंगठा दिलाच पाहिजे, नाहीतर मोठी सिस्टर ओरडते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काहून बा?

"अंगठा म्हणजे सारं वाचलं, आता तो पेशंट माह्या हाती. मंजूर-नामंजूर काही नसते त्यात."

फोन ठेवला. जिला मी तुटकपणा समजत होते ती तिच्याकडे केवढी मोठी गोष्ट. एकच खूण, कमलच्या जावयाकडे काहीच नाही आणि माझ्या लेकीकडे माणसाचा जीव. थक्क झाले बाई. पण माझ्या मेसेजला तिने वार्डाचा अंगठा दिला की जावयाचा?

२१ जानेवारी
अंगठा गेला! तिथे आता लाल हृदय आहे. दाबून पाहिलं, तिचंच नाव. जुन्याचा काही मागमूस नाही.

म्हणजे ती परत आली. मधे तांदळाचे, रिचार्जचे, फोटोंचे इतके मेसेज झाले, ते सारे ओलांडून ती वर माझ्या त्या मेसेजपाशी गेली, बोट दाबून धरलं. पुन्हा वाचल्याशिवाय कोण तिथवर जाईल? वाटलं, लागलीच म. ना फोन करावा. नाही केला. आनंदात घेतलेलं माप नेहमी एक बोट चुकतं.

२२ जानेवारी
धीर करून मीच फोन लावला. हृदय पाहिलं म्हटलं, तर हो समजू का?

ती म्हणाली, "आई, अंगठा मधुकरकाकाच्या गोष्टीले होता. वाचलं, मनात घेतलं, एवढंच. हृदय बाबाच्या मशीनले आहे. एका मेसेजले दोन देता येत नाही ना. दुसरं दिलं की पहिलं जाते."

पाच दिवस मी एका खुणेत माझं उत्तर शोधत होते, आणि ती पोर तेवढ्याच जागेत बाप आणि हा माणूस दोघांना बसवायला धडपडत होती. किती मोठं मन, आणि जागा केवढीशी. चूक माझीच. चार गोष्टी एका पत्रात कोंबल्या मी.

मग मधुकररावांचं काय, विचारलं.

"त्याइले पाहिल्याशिवाय मी कोणती खूण देऊ? रविवारी मी येतो. जेवाले बोलाव त्याइले."

आणि फोन ठेवता ठेवता, "मी तुले नाही म्हटलं नाही ना, आई."

२३ जानेवारी
पण 'हो'ही म्हटलेलं नाही. म. ना फोन करून रविवारी जेवायला या, एवढंच सांगितलं. लेकीचं उत्तर काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती तुम्हाला पाहायला येतेय. साठीला आलेल्या त्या माणसाने हळूच विचारलं, कोणता सदरा घालू?